पाच दिवे आणि एक फोन

गावोगाव आता काचेची तार आली आहे. वाशीम जिल्ह्यातही पुष्कळ गावांत विजेच्या खांबांवरून एक बारीक काळी तार गेलेली दिसते. ग्रामपंचायतींपर्यंत ही तार नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ साली तिचे नाव भारतनेट झाले. पुढे ही तार, आणि तिच्याबरोबर खाजगी कंपन्यांच्या तारा, लोकांच्या घरातही आल्या.

या तारेतून वीज जात नाही, उजेड जातो. तारेच्या पोटात काचेचा एक धागा असतो. तो केसाएवढा बारीक असतो. तालुक्याच्या ठिकाणचे यंत्र या धाग्यातून उजेड पाठवते. तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. घरातला डबा तो ओळखतो आणि त्याचे नेट करून हवेतून आपल्या मोबाईलला देतो. या डब्याला राऊटर म्हणतात. आम्ही या पाठात त्याला डबाच म्हणू, कारण घरोघरी तेच नाव पडले आहे.

डबा घरात आला, पण तो लावून देणारा मुलगा बहुधा पुण्यात किंवा नागपुरात असतो. घरी म्हातारी माणसे असतात. नेट बंद पडले की मुलगा फोन करतो आणि विचारतो, "दिवे कोणते लागले आहेत?" इकडून उत्तर जाते, "लागलेत सगळे." आता एवढ्यावरून त्या मुलाने काय समजावे? मग दोघेही चिडतात. खरे म्हणजे मुलाला डब्याचे तोंड दिसत नाही. ते त्याला शब्दांनी दाखवावे लागते. हे कसे करायचे ते या पाठात पाहू.

डब्याच्या तोंडावर एका ओळीत लहान लहान दिवे असतात. प्रत्येक दिव्याजवळ इंग्रजी अक्षरे असतात. ती वाचता आली नाहीत तरी अडत नाही. डावीकडून मोजावे. पहिला दिवा, दुसरा दिवा, तिसरा दिवा. दिव्याबद्दल सांगताना तीनच गोष्टी सांगायच्या. कितवा दिवा? कोणत्या रंगाचा? आणि तो स्थिर आहे, लुकलुकतो आहे, की विझलेला आहे? पाच दिवे असतील तर पाचांचे सांगावे. विझलेला दिवा सांगायला लोक विसरतात. पण मुलाला बहुतेक वेळा विझलेल्या दिव्याचीच माहिती हवी असते.

पुष्कळ डब्यांवर पाच मुख्य दिवे असतात.

पहिला POWER, म्हणजे पावर. डब्याला वीज मिळते आहे, एवढेच तो सांगतो.

दुसरा PON, म्हणजे पॉन. हा स्थिर हिरवा असेल तर तालुक्याच्या यंत्राने आपला डबा ओळखला आहे. लुकलुकत असेल तर ओळख अजून पटलेली नाही. डबा हाका मारतो आहे, असे समजा.

तिसरा LOS, म्हणजे लॉस. हा दिवा उलट्या रीतीचा आहे. सगळे ठीक असताना तो विझलेला असतो. तो लाल होऊन लुकलुकू लागला म्हणजे काचेच्या तारेतून उजेड येणे बंद झाले.

चौथा INTERNET, म्हणजे इंटरनेट. तार ठीक असून हा दिवा विझलेला किंवा लाल असेल, तर नेट डब्यापर्यंत आलेले नाही.

पाचवा WLAN. काही डब्यांवर इथे WIFI असे लिहिलेले असते. डबा हवेतून मोबाईलला नेट देतो आहे, असे तो दाखवतो. तो लुकलुकत असला तर घाबरू नये. काम चालू असताना तो लुकलुकतोच.

प्रत्येक डब्यावर दिवे याच क्रमाने असतील असे नाही. कुठे सहा असतात, कुठे आठ. कुठे लॉस दुसरा असतो. म्हणून ज्या दिवशी नेट चांगले चालू आहे, त्या दिवशी डब्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन बसावे. जितके दिवे तितके गोल काढावेत. प्रत्येक गोलाखाली रंग लिहावा. स्थिर, लुकलुकतो की विझलेला, तेही लिहावे. मुलगा सणाला घरी आला की त्याच्याकडून प्रत्येक दिव्याचे नाव मराठीत लिहून घ्यावे. पावर, पॉन, लॉस, असे. हा कागद डब्याजवळ भिंतीला चिकटवावा. नेट बंद पडले की आजचे दिवे कागदाशी ताडून पाहावेत. जो दिवा कागदाप्रमाणे नाही, तोच पहिल्याने मुलाला सांगावा.

आता फोनाचे. हे नीट वाचा, कारण पुष्कळांची फजिती इथेच होते. डबा बंद करून पुन्हा चालू करायचा असेल, तर ज्या फोनावर बोलणे चालू आहे तो फोन डब्यावर चालणारा नसावा. व्हॉट्सॲपवरचा फोन डब्याच्या नेटवर चालत असेल, तर डबा बंद झाला की बोलणे तुटेल. डब्याला जोडलेला साधा टेलिफोनही डब्याबरोबर मुका होतो. म्हणून मोबाईलवर नेहमीचा, टॉवरवरचा फोन लावावा. त्यातही एक गंमत आहे. घरात टॉवर कमी मिळत असेल, तर काही मोबाईल नेहमीचा फोनसुद्धा गुपचूप डब्यातूनच लावतात. त्या वेळी मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यात VoWiFi किंवा Wi-Fi अशी अक्षरे दिसतात. ती दिसली तर मोबाईलमधले वायफाय बंद करून ओसरीत किंवा अंगणात यावे, आणि मग फोन लावावा. तरीही बोलणे तुटले तर काय करायचे, हे आधीच ठरवावे. "तुटला तर माय, तू काही करू नको, पाच मिनिटांनी मीच लावीन," एवढे मुलाने आधी सांगून ठेवले की पुरे.

एका घरची हकीकत सांगतो. रिसोड तालुक्यातली एक बाई. वय सत्तरीचे. प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्या. नाव कशाला, त्यांना आपण नुसते माय म्हणू. त्यांना साखरेचा आजार आहे. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. मुलगा पुण्याला. त्याने तिथल्या डॉक्टरांची रात्री साडेआठची वेळ घेतली होती. डॉक्टर व्हिडिओवर जखम पाहणार होते. साखरेच्या माणसाच्या पायाची जखम फार दिवस तशीच ठेवून चालत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या संध्याकाळी दोन तास वीज गेली होती. वीज आली, पण नेट आले नाही. मोबाईलच्या नेटवर चित्र अडकत होते. आठ वाजता मुलाने टॉवरवरचा फोन लावला.

मायच्या घरात टॉवर मिळत नाही. फोन ओसरीतच चालतो, आणि डबा आतल्या खोलीत, फडताळावर. मुलगा म्हणाला, "माय, आधी कागद घे. आत जाऊन दिवे लिहून आण. मग बाहेर येऊन मले सांग."

माय आत गेल्या. चष्मा लावला. कागदावर लिहिले: १ हिरवा. २ हिरवा. ३ नाही. ४ नाही. ५ हिरवा लुकलुक. मग बाहेर आल्या आणि वाचून दाखवले.

"दोन नंबर लुकलुकते का स्थिर हाय?"

"स्थिर हाय बाबू."

"अन् चार नंबर कागदावर कसा हाय? भिंतीवरच्या?"

"भितीवर हिरवा लिवला हाय. आता लागूनच नाई राह्यला."

मुलाला एवढ्यावरून सगळे समजले. पहिला दिवा आहे, म्हणजे वीज आहे. दुसरा स्थिर आणि तिसरा विझलेला, म्हणजे तार धड आहे, उजेड येतो आहे. पाचवा चालू, म्हणजे हवेतले कामही ठीक आहे. चौथाच नाही. वीज आल्यावर डब्याने पलीकडच्या यंत्राला आपले नाव सांगून आत घ्यायला सांगितले असणार, आणि ते काम कुठेतरी अडकले असणार. अशा वेळी डबा पुरता बंद करून पुन्हा चालू केला, की तो पहिल्यापासून सुरुवात करतो. बहुतेक वेळा मग काम होते.

मुलगा म्हणाला, "माय, आता भिंतीवरचे डब्याचे बटण बंद कर. अन् दिवे विझले का, ते पाहून ये."

माय आत गेल्या, बटण बंद केले. बाहेर येऊन म्हणाल्या, "बाबू, बटण बंद केलं, पण दिवे काई विझले नाई. काहून?"

इथे थांबू या. हे पुष्कळ घरी होते. वीज गेली तरी नेट चालावे म्हणून मुले डब्याला एक छोटी बॅटरी लावून देतात. पेन्सिलीच्या डबीएवढी ती असते. काही घरी इन्व्हर्टर असतो. मग भिंतीवरचे बटण बंद केले तरी डबा बॅटरीवर चालूच राहतो. माणसाला वाटते, आपण बंद करून चालू केले. डब्याला काही कळलेलेच नसते. म्हणून बटणावर भरवसा ठेवू नये, दिव्यांवर ठेवावा. सगळे दिवे विझले तरच डबा बंद झाला. एकही दिवा लागलेला असेल तर तो बंद झालेला नाही.

अशा वेळी डब्याच्या मागच्या बाजूला पाहावे. तिथे एक गोल काळी पिन खोचलेली असते. तिची तार बॅटरीकडे किंवा भिंतीकडे जाते. तीच विजेची पिन. ती सरळ मागे ओढून काढावी. काही डब्यांवर मागे दाबायचे बटण असते, ते दाबले तरी चालते. पण मागे दुसरीही एक तार असते. ती बहुधा पिवळी, बारीक असते. तिच्या टोकाला हिरवी किंवा निळी टोपी असते. ती काचेची तार. तिला हात लावू नये. तिला पीळ देऊ नये, दुमडू नये. ती निघालीच तर तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये. आतला उजेड दिसत नाही, पण तो डोळ्याला चांगला नव्हे.

आणखी एक जागा आहे, तिथेही हात नको. डब्याच्या मागे किंवा खाली एक बारीक भोक असते. त्याजवळ RESET असे लिहिलेले असते. पुष्कळजण सांगतात, टाचणी घालून दाबा, नेट सुरू होते. तसे करू नये. ते भोक डबा बंद-चालू करण्यासाठी नाही. टाचणी दाबून धरली की डब्यातली सगळी माहिती पुसली जाते. कंपनीने भरलेले नाव, परवलीचा शब्द, तुमच्या वायफायचे नाव, सगळे जाते. मग माणूस येऊन पुन्हा भरेपर्यंत नेट बंद राहू शकते. अर्ध्या तासाचे काम चार दिवसांवर जाते.

मायने काळी पिन काढली. सगळे दिवे विझले. त्या ओसरीत येऊन सांगू लागल्या. मुलगा म्हणाला, "आता घाई करू नको. साठ मोज."

साठच का? पिन काढल्याबरोबर डब्याच्या पोटातली सगळी वीज जात नाही. थोडी वीज काही क्षण साठून राहते. लगेच पिन लावली तर डबा अर्धवट झोपेतून उठल्यासारखा उठतो, आणि जुने अडकलेले काम तसेच राहू शकते. शिवाय पलीकडच्या यंत्रालाही कळावे लागते की हा डबा गेला. एक मिनिट थांबले की दोन्ही कामे होतात. घड्याळ नसेल तर एक ते साठ आकडे सावकाश म्हणावेत. वर्गात म्हणतो तसे, भराभर नव्हे.

मायने साठ मोजले. आत जाऊन पिन लावली. ती आत पुरती बसली पाहिजे. सैल राहिली तर पहिला दिवा लागतो आणि विझतो. भिंतीवरचे बटणही आठवणीने चालू केले. ते विसरले असते तर बॅटरी संपल्यावर डबा पुन्हा बंद पडला असता.

आता दिवे एकदम लागत नाहीत. आधी पहिला लागतो. मग बाकीचे काही क्षण कसेही लागतात, विझतात. तिसरा, लॉसचा दिवासुद्धा थोडा वेळ लाल दिसू शकतो. त्याकडे पाहून लगेच पुन्हा पिन काढू नये. दुसरा दिवा लुकलुकू लागतो. मिनिटा-दोन मिनिटांत तो स्थिर होतो. त्यानंतर चौथा लागतो. पाचवा मागे-पुढे केव्हाही लागतो. या सगळ्याला तीन ते पाच मिनिटे लागतात. चुलीवर चहाचे आधण ठेवून यावे, म्हणजे हात स्वस्थ राहतात. आम्ही पाहिले आहे, माणसे अर्धा मिनिट थांबतात आणि पुन्हा पिन काढतात. असे चारदा केले तर डबा चारदा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि एकदाही शेवटाला पोचत नाही.

माय ओसरीत बसल्या. मुलाने फोन चालू ठेवला, जखमेबद्दल विचारले. आठ वाजून एकवीस मिनिटांनी त्या आत जाऊन आल्या. "चार नंबर हिरवा झाला बाबू." मुलगा म्हणाला, आता मोबाईलचे वायफाय चालू कर आणि आत बस. साडेआठाला डॉक्टरांनी अंगठा पाहिला. कडेची कातडी काळी पडू लागली होती. त्यांनी दुसऱ्या दिवशीच वाशीमला जाऊन जखम दाखवायला सांगितले, आणि त्याप्रमाणे माय गेल्या.

पिन काढून लावल्यावरही चौथा दिवा आला नसता तर? आणखी एकदाच करून पाहावे. दोनदा करूनही आला नाही, तर दोष बहुधा घरात नाही. आधी मुलाने महिन्याचे पैसे भरले आहेत का ते पाहावे. पैशांची मुदत संपली तरी पहिला, दुसरा आणि पाचवा दिवा चांगला दिसतो, आणि नेट मात्र नसते. पैसे भरलेले असतील तर कंपनीला तक्रार द्यावी.

पहिलाच दिवा नसेल तर घरात वीज आहे का ते पंख्यावरून पाहावे. वीज असेल तर पिन सैल आहे का पाहावे. टीव्हीच्या डब्याची पिन याला बसते म्हणून ती लावू नये. पिन सारखी दिसली तरी वीज कमी-जास्त असते, आणि डबा जळतो. पिनेच्या मागच्या ठोकळ्यावर १२ व्होल्ट किंवा दुसरा आकडा छापलेला असतो. तोच आकडा डब्याच्या खाली लागतो.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. कोणी अनोळखी माणूस फोन करून म्हणेल, मी कंपनीतून बोलतो, नेट चालू करून देतो, मोबाईलवर आलेला आकडा सांगा. सांगू नये. पिन काढून लावायला कोणताही आकडा लागत नाही.

आता तिसऱ्या दिव्याचे. तो लाल होऊन लुकलुकत असेल आणि पाच मिनिटे झाली तरी तसाच असेल, तर पिन काढून लावण्यात वेळ घालवू नये. काच तुटली आहे किंवा फार वाकली आहे. तुटलेली काच डबा बंद-चालू करून सांधत नाही. घरातल्या घरात एवढे पाहावे. पिवळी तार दाराच्या फटीत दबली आहे का? ट्रंकेखाली आली आहे का? उंदराने कुरतडली आहे का? दबली असेल तर वरची वस्तू उचलावी, तार ओढू नये. काच वाकली की उजेड वाटेतच बाहेर सांडतो, म्हणून नुसते वजन काढल्यानेही कधी दिवा विझतो.

घरात काही दिसले नाही तर शेजारी विचारावे. शेजाऱ्याचेही नेट बंद आणि त्याचाही तिसरा दिवा लाल, तर रस्त्यावर कुठेतरी मोठी तार तुटली. जेसीबीने खणताना किंवा कडब्याची गाडी उंच भरून खांबाखालून नेताना असे होते. शेजाऱ्याचे चालू असेल तर खांबापासून आपल्या घरापर्यंतच्या तारेत दोष आहे. हे आधी कळले तर लाईनमनचा अर्धा वेळ वाचतो.

मायच्या घरी पुढे पावसाळ्यात तसेच झाले. त्यांनी पिनेला हात लावला नाही. कागदावर लिहिले, शेजारच्या घरी जाऊन आल्या, आणि तक्रारीच्या नंबरावर वाचून दाखवले: "एक नंबर हिरवा. दोन नंबर लुकलुक. तीन नंबर लाल लुकलुक. चार नाही. शेजारी चालू हाय." लाईनमन दुसऱ्या दिवशी आला. तार सांधायचे यंत्र सोबत घेऊनच आला, आणि घरात न शिरता थेट खांबाकडे गेला. खांबापासून घराकडे येणारी तार लिंबाच्या फांदीखाली दबून चिरली होती.